‘नेमकं काय अपेक्षित आहे?’ असं विचारलं की उत्तर का येत नाही

प्रश्न: सार्वजनिक धोरणाच्या पेपरसाठी १५०० शब्दांची असाइनमेंट आहे. सूचना एवढीच: ‘कोणत्याही एका सार्वजनिक धोरणाचे चिकित्सक मूल्यमापन करा. किमान पाच स्रोत वापरा.’ मी मॅडमना मेल केला की असाइनमेंट नीट समजली नाही, नेमकं काय अपेक्षित आहे ते सांगाल का. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, ‘सूचना आणि गुणविभागणी पुन्हा वाचा.’ दोन्ही मी वाचलंय. परत विचारलं तर त्या वैतागतील का? आणि विचारायचं तर कसं? जमा करायला बारा दिवस आहेत.

उत्तर:

परत विचारा. त्या वैतागल्या असतील तर तुमच्या विचारण्यावर नाही, विचारलेल्या प्रश्नावर. तुमच्या मेलची भाषा नम्र आहे, त्यात खटकण्यासारखं काही नाही. अडचण अशी की त्या प्रश्नाला मेलमधून उत्तर देताच येत नाही. ‘काय अपेक्षित आहे’ याचं पूर्ण उत्तर द्यायचं तर सगळी सूचना नव्याने, विस्ताराने लिहावी लागेल, आणि ती एकट्या तुम्हाला पाठवली तर बाकीच्या वर्गावर अन्याय होईल. त्यातून तुम्ही कुठे अडलाय ते मेलमध्ये कुठेच दिसत नाही. ‘चिकित्सक’ म्हणजे काय ते कळलं नाही, की धोरण कोणतं घ्यावं ते, की स्रोत कसले चालतील ते? मी बरीच वर्षं शिकवतोय आणि असे मेल दर सत्रात येतात. ते वाचून मीही बहुतेक वेळा ‘सूचना पुन्हा वाचा’ असंच लिहितो, कारण दुसरं काय लिहावं ते त्या मेलवरून ठरत नाही.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. वीस जणांचा वर्ग असेल तर प्राध्यापक सविस्तर लिहितीलही, दोनशे जणांच्या वर्गात ती अपेक्षा ठेवू नका. काही जण शंका फक्त तासाला किंवा ठरवून दिलेल्या भेटीच्या वेळेत घेतात आणि तसं पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. काही ठिकाणी शंका आधी सहायक शिक्षकाकडे न्यायच्या असतात. तुमच्याकडे यातलं काय आहे ते मला माहीत नाही, पण अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात दोन मिनिटांत सापडेल. मॅडमनी मेलला दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलंय, म्हणजे त्या मेल वाचतात. हे चांगलं लक्षण आहे.

आता मुख्य काम, आणि ते मेल लिहायच्या आधीचं आहे. सूचनेत जे स्पष्ट नाही ते तीनपैकी एका कारणाने स्पष्ट नसतं. एक म्हणजे शिक्षकांच्या हातून लिहायचं राहून गेलेलं, उदाहरणार्थ संदर्भसूची शब्दमर्यादेत धरायची की नाही. दुसरं म्हणजे मुद्दाम मोकळं ठेवलेलं. ‘कोणत्याही एका धोरणाचे’ यात निवड तुमच्यावर सोडलीय, कारण पेलेल असा विषय निवडता येतो का हेही बघायचंय. तिसरं म्हणजे वर्गात शिकवलंय म्हणून माहीत असेल असं धरून चाललेलं. विद्यार्थ्यांना ज्याला ‘अस्पष्ट’ म्हणायचं असतं त्यातलं बहुतेक या तिसऱ्या प्रकारातलं निघतं, आणि माझा अंदाज आहे की तुमची खरी अडचण तिथेच आहे, ‘चिकित्सक मूल्यमापन’ या दोन शब्दांत.

मूल्यमापन म्हणजे निकष लावून निकाल देणं. वर्णन करा असं म्हटलं असतं तर धोरणात काय आहे, ते कधी आलं, कोणाला लागू आहे, हे सांगून भागलं असतं. विश्लेषण म्हटलं असतं तर त्याचे भाग सुटे करून एकाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे ते दाखवावं लागलं असतं. मूल्यमापनात हे दोन्ही थोडं थोडं येतंच, पण शेवटी ‘या निकषावर हे धोरण इतपत उतरलं आणि इथे कमी पडलं’ असं पुराव्यानिशी म्हणावं लागतं. ‘चिकित्सक’ म्हणजे दोष काढत बसणं नव्हे. आपला निकष आणि आपला पुरावाही तपासून घेणं, आणि उलट बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा विचारात घेणं, असा त्याचा अर्थ. माझ्याकडे अशा सूचनेवर जे निबंध येतात त्यांतल्या बऱ्याच निबंधांत दोन तृतीयांश भाग धोरणाच्या इतिहासाने भरलेला असतो आणि शेवटच्या पानावर ‘माझ्या मते हे धोरण चांगले आहे, पण अंमलबजावणी नीट हवी’ असं एक वाक्य असतं. गुण तिथेच जातात. भाषा उत्तम असली, संदर्भ बिनचूक असले तरी जातात.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा तुम्ही सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीवर लिहिणार आहात. ‘बंदी चांगली आहे, कारण धूम्रपान आरोग्याला घातक आहे’ हे मूल्यमापन नाही, कारण यात बंदीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. धूम्रपान घातक आहे हे बंदी नसतानाही खरंच होतं. ‘बंदीचा हेतू धूम्रपान न करणाऱ्यांना दुसऱ्याच्या धुरापासून वाचवणं हा होता. बंद जागांमधल्या हवेच्या मोजण्या तो बऱ्याच अंशी साधल्याचं दाखवतात. पण धूर उंबरठ्याबाहेर आणि काही प्रमाणात घरात सरकला का, हे त्या मोजण्यांतून कळत नाही’ इथे मूल्यमापन सुरू होतं. निकष सांगितला, पुरावा जोडला, निकाल दिला आणि पुराव्याची मर्यादाही कबूल केली.

एवढं डोक्यात ठेवून कागद घ्या आणि मनातल्या सगळ्या शंका लिहून काढा, बारीकसारीक सुद्धा. तुमची यादी साधारण अशी होईल असं वाटतं: धोरण कोणतंही चालेल का, आपल्याच देशाचं हवं का, मूल्यमापन कोणत्या निकषांवर करायचं, वर्तमानपत्रातला लेख स्रोत म्हणून चालेल का, शब्दमर्यादेत काय काय धरायचं, संदर्भ एपीए पद्धतीने द्यायचे की एमएलए पद्धतीने, मुखपृष्ठ लागेल का. आता शेजारी गुणविभागणी ठेवा. तुमची मी पाहिलेली नाही, म्हणून समजा ती अशी आहे: युक्तिवाद ४०, पुराव्याचा वापर ३०, मांडणी आणि भाषा २०, संदर्भलेखन १०. प्रत्येक शंकेपुढे लिहा की तिच्यावर यातले कोणते गुण अवलंबून आहेत, आणि तिचं उत्तर आधीच कुठे लिहिलेलं असू शकतं.

असं केलं की यादी भराभर आटते. धोरण कोणतंही चालेल, सूचनेतच लिहिलंय. देशाची अट घातलेली नाही, म्हणजे ती नाही. संदर्भाची पद्धत आणि मुखपृष्ठ यांची माहिती माहितीपत्रकात किंवा विभागाच्या लेखन-नियमांत असते. शब्दमर्यादेत संदर्भसूची धरत नाहीत असा अनेक ठिकाणचा प्रघात आहे, पण तळटीपा आणि मजकुरातले संदर्भ यांबाबत नियम वेगवेगळे असतात. तेव्हा तेही आधी त्याच नियमांत शोधा. नाही सापडलं तर एखाद्या वर्गमित्राला विचारा, किंवा तासाला उभं राहून अर्ध्या मिनिटात विचारून टाका. त्यासाठी वेगळा मेल नको. शेवटी उरतात दोन: निकष कोणते आणि स्रोत कसले. पहिल्यावर ४० गुणांचा युक्तिवाद उभा आहे, दुसऱ्यावर ३० गुणांचा पुरावा. मेल या दोनसाठीच.

या दोन प्रश्नांतही ‘कोणते निकष लावू?’ असं सरळ विचारलंत तर तेच होईल, कारण निकष ठरवणं हा तुमच्या कामाचा भाग आहे आणि तो त्या तुम्हाला आयता देणार नाहीत. त्याऐवजी सूचनेचे जे दोन अर्थ तुम्हाला दिसतायत ते मांडा, त्यांतला कोणता घेताय आणि का ते सांगा, आणि चालेल का एवढंच विचारा. म्हणजे समोरच्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘दुसरा घ्या’ एवढं लिहून मोकळं होता येतं. दोन तासांमधल्या वेळेत मोबाइलवर सुद्धा देता येईल असं उत्तर मागा. मी मेल लिहिला असता तर असा:

विषय: सार्वजनिक धोरण, असाइनमेंट २: निकष आणि स्रोतांबद्दल दोन प्रश्न

नमस्कार मॅडम,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सूचना आणि गुणविभागणी पुन्हा वाचली, मूल्यमापनावरच्या तासाच्या टिपणांसह. मी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीवर लिहीत आहे. दोन गोष्टींबद्दल खात्री करून घ्यायची आहे.

१. धोरणाने स्वतः ठरवलेली उद्दिष्टं कितपत साध्य झाली हे तपासायचं आहे, की ती उद्दिष्टंच योग्य होती का हेही? १५०० शब्दांत दोन्हींना न्याय देणं मला अवघड वाटतं. म्हणून मुख्य भर पहिल्यावर ठेवून दुसऱ्याला शेवटचा एक परिच्छेद देण्याचा विचार आहे. हे चालेल का?

२. किमान पाच स्रोतांत सरकारी अहवाल आणि वर्तमानपत्रातले लेख धरले जातात का? माझ्याकडे सध्या तीन संशोधन लेख, एक सरकारी अहवाल आणि एक वर्तमानपत्रातला लेख आहे. शेवटचा धरला जात नसेल तर मी आणखी एक संशोधन लेख शोधेन.

सोमवारपासून लिखाणाला सुरुवात करणार आहे. भेटून बोलणं सोयीचं असेल तर तुमच्या भेटीच्या वेळेत येईन.

आपला,
(नाव, हजेरी क्रमांक, तुकडी)

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. विषयाच्या ओळीत पेपरचं नाव आणि असाइनमेंटचा क्रमांक आहे, कारण बहुतेक शिक्षक एका वेळी दोन-तीन पेपर शिकवतात आणि नुसतं ‘शंका’ किंवा ‘असाइनमेंटबद्दल’ असं लिहिलेला मेल नंतर शोधताना सापडत नाही. पहिल्याच वाक्यात त्यांच्या उत्तराची दखल आहे, कारण त्यांनी सांगितलेलं तुम्ही केलंत हे त्यांना दिसायला हवं. तिथे ‘त्रास देतोय, माफ करा’ वगैरे लिहू नका. माफीच्या तीन ओळी वाचून झाल्यावर प्रश्न यावा यात कोणाचीच सोय नाही. हा मेल त्यांच्या एका ओळीच्या उत्तरालाच उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे आधीचं बोलणं खाली राहतं. विषयाची ओळ मात्र बदला.

पहिल्या प्रश्नातलं ‘१५०० शब्दांत दोन्हींना न्याय देणं अवघड’ हे वाक्य सर्वांत कामाचं आहे. तुम्ही पळवाट शोधत नसून मर्यादेचा हिशेब करताय हे त्यातून कळतं, आणि मॅडमचं मत वेगळं असेल तर त्या नेमक्या तिथेच बोट ठेवू शकतात. दुसऱ्या प्रश्नात हातातल्या स्रोतांची नावं न देता फक्त प्रकार दिलेत. तेवढं पुरतं. उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे काय कराल तेही सांगून टाकलंय, त्यामुळे परत मेल करावा लागणार नाही. सोमवारचा उल्लेख केला की उत्तर कधीपर्यंत हवंय ते कळतं आणि ‘लवकर उत्तर द्या’ असं म्हणावं लागत नाही.

मेलला मसुदा जोडावा का? पूर्ण मसुदा नको. बरेच शिक्षक तो उघडतही नाहीत, कारण एकाचा मसुदा वाचला तर सगळ्यांचा वाचावा लागतो. शिवाय जे काम पुढे तपासून गुण द्यायचे आहेत ते आधीच सुधारून दिल्यासारखं होतं. फार तर मेलमध्येच चार ओळींचा आराखडा द्या: निकष कोणता, कोणत्या दोन पुराव्यांवर भर, उलट बाजूचा मुद्दा कोणता, निकाल कुठे झुकतोय. तुमच्या बाबतीत तर तेही लागेल असं वाटत नाही, पहिल्या प्रश्नातच ते बरंचसं आलंय.

वेळेबद्दल एक गोष्ट. बारा दिवस बाकी असताना विचारणं आणि दोन दिवस बाकी असताना विचारणं यात फरक आहे, आणि तो फक्त शिष्टाचाराचा नाही. तुमचा प्रश्न रास्त असेल तर मॅडमना उत्तर सगळ्या वर्गाला कळवावं लागेल. निम्म्या वर्गाचं लिहून झालेलं असताना नवा खुलासा काढायला कोणीही कचरतं. म्हणून शेवटच्या क्षणी विचारलेल्या रास्त प्रश्नालाही ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं करा’ असं उत्तर मिळतं. उद्याच पाठवा. आणि उत्तर तुम्हाला न येता तुमचा प्रश्न नाव न घेता सर्वांसाठीची सूचना म्हणून लागला, तर डावललं असं समजू नका. त्या सूचना अधूनमधून बघत राहा, कधीकधी उत्तर तिथे असतं आणि विद्यार्थी मेलची वाट बघत बसतो.

उत्तर आलं की ते वाचायचं कसं, यातही लोक गोंधळतात. ‘दोन्ही चालेल’ याचा अर्थ ‘काहीही लिहा’ असा नाही. एक निवडा आणि तो का निवडला ते प्रस्तावनेत सांगा, असा आहे. ‘तुम्ही ठरवा’ असं आलं तर ते टाळाटाळ म्हणून घेऊ नका. तो भाग मुद्दाम मोकळा ठेवलाय आणि तुमची निवड तपासली जाणार आहे, असं समजा. ‘तासाला बोलू’ असं आलं तर मेलची छापील प्रत घेऊन जा. तोंडी उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहून पाठवा: ‘आज बोलल्याप्रमाणे मी उद्दिष्टांच्या पूर्ततेवर भर देत आहे आणि सरकारी अहवाल स्रोत म्हणून धरत आहे.’ काही चुकीचं ऐकलं असेल तर त्या सुधारतील, नाहीतर तुमच्याकडे लेखी राहील.

उत्तरच आलं नाही तर कामाचे तीन दिवस थांबा आणि त्याच मेलखाली एका ओळीत आठवण द्या. दोन्ही प्रश्न पुन्हा लिहू नका, ते खाली आहेतच. तरीही काही आलं नाही तर लिखाण थांबवू नका. तुम्ही घेतलेला अर्थ प्रस्तावनेतच उघडपणे मांडा: ‘या निबंधात मूल्यमापन म्हणजे धोरणाने जाहीर केलेल्या उद्दिष्टांची पूर्तता तपासणे असे मानले आहे. उद्दिष्टांच्या योग्यतेचा प्रश्न शेवटी थोडक्यात घेतला आहे.’ तपासणाऱ्याला असं वाक्य मदतच करतं. निबंध कोणत्या मापाने मोजायचा ते त्याला कळतं, आणि अर्थ सूचनेत बसणारा असेल तर त्यासाठी गुण कापणं त्यालाच कठीण जातं. मात्र ही युक्ती फक्त अर्थ लावण्याच्या बाबतीत चालते. शब्दमर्यादा, जमा करण्याची तारीख, एकट्याने करायचं की गटाने, या गोष्टी ‘असं मानलं आहे’ म्हणून चालत नाहीत. तिथे उत्तर मिळेपर्यंत विभागाच्या कार्यालयात विचारत राहा.

आणखी एक शक्यता. सहायक शिक्षक एक सांगतात आणि मॅडम दुसरंच, असं झालं तर आपल्याला सोयीचं उत्तर घेऊन गप्प बसू नका. दोघांनाही एकाच मेलमध्ये घ्या, दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहा आणि कोणतं धरू एवढंच विचारा. कोण चुकलं याबद्दल एक शब्दही नको. तुमचा निबंध प्रत्यक्षात कोण तपासणार ते आधी माहीत करून घ्या, कारण मॅडमनी वेगळं काही लेखी कळवलं नाही तर शेवटी तपासणाऱ्याचाच अर्थ तुमच्या गुणांवर चालणार आहे.